शिवडीच्या गोदामावर पडलेलं कडं: अवकाशातून आलेल्या नुकसानीचा दावा कसा उभा राहतो

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्रात, गुजरातेत आणि मध्य प्रदेशात अनेकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या ठिणग्यांची रांग पाहिली. उल्का असावी, असं बऱ्याच जणांना वाटलं. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. पुढच्या काही दिवसांत आसपासच्या गावांत धातूचे पोकळ गोळेही मिळाले. वेळ आणि मार्ग जुळवून पाहणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनी सांगितलं की हे चीनच्या चांग झंग 3बी या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असावेत. तो अग्निबाण फेब्रुवारी 2021 मध्ये उडाला होता. उपग्रह सोडून झाल्यावर रिकामा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि हळूहळू खाली येत शेवटी वातावरणात शिरला.

लाडबोरीत कुणी जखमी झाल्याची बातमी नव्हती, त्यामुळे भरपाईचा प्रश्न तिथे पुढे गेला नाही. कायदा शिकणाऱ्याची मात्र त्यामुळे पंचाईत होते. नुकसान झालंच नाही तर कलमांची परीक्षा कशी होणार? म्हणून फोर्टमधल्या आमच्या तरुण वकिलांच्या अभ्यासगटात मी हेच कडं, त्याच तारखेला, त्याच वेळी, मुंबईत शिवडीच्या एका गोदामावर पडलं असं धरून प्रकरण मांडलं. इथून पुढे शिवडीत जे घडतं ते सगळं गृहीत धरलेलं आहे. कायदा, करार आणि जुने दाखले मात्र खरे आहेत.

शिवडीच निवडण्याचं कारण आहे. खेड्यात एक घर पडलं तर बाधित माणूसही एक आणि देशही एक. बंदराजवळच्या गोदामात मालक वेगळा, माल ठेवणारा वेगळा, विमा कंपनी तिसरीच, आणि काम करणारी माणसं कुठकुठल्या देशांची. अवकाश कायद्याच्या खऱ्या गाठी तिथेच बसतात.

तर घटना अशी. कडं पत्र्याचं छप्पर फोडून आत आलं आणि एक भिंत कोसळली. छप्पर, भिंत आणि आतला चहा-मसाल्याचा माल मिळून 1 कोटी 48 लाखांचं नुकसान. रात्रपाळीचा नेपाळी वॉचमन भिंतीखाली सापडला आणि त्याचा पाय कापावा लागला. उपचार आणि बुडालेली कमाई धरून त्याचे 30 लाख. शेजारच्या शेडमध्ये पॅकिंग मशीन बसवायला आलेल्या चिनी तंत्रज्ञाचं मनगट मोडलं, त्याचा खर्च 4 लाख. आत काही विषारी आहे का याची खात्री होईपर्यंत रस्ता बंद राहिला, अग्निशमन दल आणि एनडीआरएफची पथकं आली, क्रेन भाड्याने आणाव्या लागल्या: या सगळ्याचे 72 लाख. रस्ता बंद राहिल्यामुळे आसपासच्या ट्रान्सपोर्टवाल्यांचे 25 लाख बुडाले.

पहिला प्रश्न: जबाबदार कोण? 1967 च्या बाह्य अवकाश कराराच्या सातव्या कलमाने आणि ते सविस्तर मांडणाऱ्या 1972 च्या दायित्व कराराने याचं उत्तर दिलं आहे: प्रक्षेपक राष्ट्र. जे राष्ट्र प्रक्षेपण करतं किंवा दुसऱ्याकडून करवून घेतं, आणि ज्याच्या भूमीवरून किंवा ज्याच्या केंद्रातून ते होतं, ती सगळी प्रक्षेपक राष्ट्रं. ‘अवकाश वस्तू’ म्हणजे फक्त उपग्रह नव्हे. तिचे भाग, तिला नेणारा अग्निबाण आणि अग्निबाणाचेही भाग त्यात येतात, असं करारात स्पष्ट लिहिलं आहे. त्यामुळे ‘उपग्रह आमचा होता, हा तर कचरा आहे’ असं म्हणायला जागा उरत नाही. आपल्या प्रकरणात अग्निबाण चीनचा, उपग्रह चीनचा आणि उड्डाणही चीनमधूनच, म्हणजे राष्ट्र एकच. वर दुसऱ्या देशाचा उपग्रह असता तर तो देशही जबाबदार ठरला असता, आणि पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागता आली असती. आपसात वाटणी कशी करायची, हे त्यांनी नंतर ठरवायचं. खासगी कंपनीने उडवलं म्हणून सरकार सुटत नाही, कारण देशातल्या बिगरसरकारी अवकाश व्यवहाराचीही आंतरराष्ट्रीय जबाबदारी 1967 च्या कराराने त्या त्या राष्ट्रावर टाकली आहे.

दुसरा प्रश्न: चूक कुणाची? वकिली सवयीने गटातल्या मुलांनी लगेच निष्काळजीपणा शोधायला घेतला: टप्पा समुद्रात नियंत्रित उतरवता आला असता का, इंधन शिल्लक ठेवायला हवं होतं का. यातलं काहीही सिद्ध करायची गरज नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागावर किंवा उडत्या विमानाला नुकसान झालं, तर प्रक्षेपक राष्ट्राचं दायित्व निरपेक्ष असतं. नुकसान त्या वस्तूमुळे झालं, एवढंच दाखवायचं. चूक शोधावी लागते ती वर अवकाशात, एका उपग्रहाने दुसऱ्याला धडक दिली तर. भारतीय वकिलाला ही कल्पना परकी नाही. दिल्लीच्या ओलियम वायुगळती प्रकरणात 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांसाठी निरपेक्ष दायित्वाचं तत्त्व मांडलं होतं. फरक एवढाच की तिथे कंपनी बांधली गेली, इथे राष्ट्र. आणि इथे रकमेवर कमाल मर्यादा नाही. सुटका हवी असेल तर नुकसानग्रस्त बाजूने गंभीर निष्काळजीपणा केला किंवा नुकसान मुद्दाम ओढवून घेतलं, हे प्रक्षेपक राष्ट्राला दाखवावं लागतं. आणि प्रक्षेपणच आंतरराष्ट्रीय कायदा मोडून झालं असेल, तर ही सुटकाही मिळत नाही. वॉचमन रात्री गोदामात झोपला होता, हा काही गंभीर निष्काळजीपणा नव्हे.

म्हणजे जबाबदारीचा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासातच संपतो. दाव्याचं बरंवाईट ठरतं ते पुढच्या तीन गोष्टींवर: पुरावा, नुकसानीची व्याख्या, आणि दावा कुणाच्या हातात आहे.

पुराव्याचं काम पोलीस ठाण्यातून सुरू होतं, आणि फाइल बिघडते तीही तिथेच. अशी वस्तू पडली की लोक तिच्याभोवती जमतात, फोटो काढतात, तुकडे उचलून नेतात. मग कुणीतरी ती टेम्पोत घालून ठाण्यात आणून टाकतं. आमच्या गटात गोदामांचे विमादावे पाहणारे एक अनुभवी सर्व्हेअर आले होते. ते म्हणाले, “मॅडम, कडं कुठल्या देशाचं हे नंतरही कळेल. पण छप्पर त्या कड्यानेच फोडलं, हे त्याच रात्री लिहून घेतलं नाही तर पुढे कुणी मानणार नाही.” त्यांचं म्हणणं मी पंचनाम्याच्या मसुद्यात जसंच्या तसं उतरवलं. कडं हलवण्याआधी टेप लावून फोटो. छपरातल्या भोकाची मापं आणि पत्रा कुठल्या दिशेला वाकला आहे त्याची नोंद. जागेचे अक्षांश-रेखांश. कड्यावर कोरलेले आकडे किंवा अक्षरं असतील तर त्यांचे जवळून घेतलेले फोटो. आदळल्याची वेळ मिनिटासकट, शक्यतो शेजारच्या सीसीटीव्हीतून. वेळ सर्वांत महत्त्वाची, कारण टप्पा कोणत्या मिनिटाला कुठून जात होता हे रडारच्या नोंदींवरून काढता येतं, आणि दोन्ही वेळा जुळल्या की ओळख पक्की होते. अशा शोधात मदत मागण्याची सोय 1975 च्या नोंदणी करारात आहे: ज्यांच्याकडे अवकाशावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणा आहेत, त्या राष्ट्रांनी शक्य तितकी मदत करायची. वस्तू संयुक्त राष्ट्रांच्या नोंदवहीत नसली तरी दायित्व संपत नाही; बरेच देश उपग्रह नोंदवतात आणि रिकामे टप्पे सोडून देतात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. कडं शिवडीत पडलं म्हणून ते आपलं झालं नाही. अवकाश वस्तूची मालकी ती कुठेही पडली तरी बदलत नाही. 1968 च्या बचाव करारानुसार आपण प्रक्षेपण करणाऱ्याला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचं. त्यांनी मागितली, ओळख पटवणारी माहिती दिली, की वस्तू परत करायची, आणि ती मिळवण्या-पोचवण्याचा खर्च त्यांनी द्यायचा. ठाण्यातून ती भंगारात गेली तर कराराचा भंग होतो आणि आपला पुरावाही हातचा जातो.

आता नुकसानीची व्याख्या. दायित्व करारात नुकसान म्हणजे मृत्यू, शारीरिक इजा किंवा आरोग्याची इतर हानी, आणि मालमत्तेचा नाश किंवा हानी. गोदाम आणि माल यात सरळ बसतात, वॉचमनचा पाय बसतो. या 1 कोटी 78 लाखांवर वाद फार तर हिशोबाचा होईल. अडतं ते पथकांच्या 72 लाखांवर. रस्ता बंद ठेवणं, विषारी वायू तपासणं, क्रेन आणणं म्हणजे कुणाची मालमत्ता मोडली असं नव्हे. हा सरकारचा खर्च आहे. करारात खर्च हा शब्द त्या व्याख्येत नाही.

नेमका हाच वाद जगात एकदा होऊन गेला आहे, आणि त्याचे कागद अशा प्रत्येक दाव्यात उघडावे लागतात. 24 जानेवारी 1978 ला सोव्हिएत संघाचा कॉसमॉस 954 हा उपग्रह कॅनडाच्या बर्फाळ वायव्य भागात पडला. त्यात युरेनियमवर चालणारी अणुभट्टी होती. किरणोत्सारी तुकडे फार मोठ्या टापूवर विखुरले गेले आणि कॅनडाने अमेरिकेच्या मदतीने ते महिनोन्महिने शोधले. एकही माणूस मेला नाही, एकही घर पडलं नाही. जे काही गेलं ते शोध आणि साफसफाईत. कॅनडाचं म्हणणं असं की किरणोत्सारी तुकड्यांमुळे जमीन वापरायोग्य उरली नाही, हीच मालमत्तेची हानी. आणि ती टाळण्या-कमी करण्यासाठी केलेला वाजवी खर्च त्या हानीचाच भाग. एकूण खर्च सुमारे 1 कोटी 40 लाख कॅनेडियन डॉलर झाला होता, तरी दावा केला तो 60 लाख 41 हजार डॉलरचा. कारण जे पगार आणि जी यंत्रणा एरवीही चालूच राहिली असती, तिचा खर्च त्यांनी स्वतःहून वगळला आणि केवळ या घटनेमुळे वाढलेला खर्च मागितला. 2 एप्रिल 1981 ला करार झाला आणि सोव्हिएत संघाने 30 लाख डॉलर दिले. दायित्व मान्य केल्याचं त्या कागदात कुठेही लिहिलेलं नाही.

आम्ही शिवडीचे 72 लाख कॅनडाच्याच चाळणीतून काढले. अग्निशमन दलाचा नेहमीचा पगार बाहेर. त्या रात्रीचा ओव्हरटाइम, भाड्याच्या क्रेन, बाहेरून मागवलेली रसायन तपासणी आत. ठरलेल्या बजेटातून गेलेला पैसा बाहेर, जादा मंजुरी घेऊन केलेला खर्च आत. हाती उरले 41 लाख. गटातल्या काहींना हे उगाच पैसे सोडणं वाटलं. मला तसं वाटत नाही. अख्खे 72 लाख मागितले की समोरचा पहिल्याच बैठकीत संपूर्ण रकमेवर शंका घेतो. 41 लाखांचं प्रत्येक बिल मात्र घटनेशी बांधलेलं असतं.

ट्रान्सपोर्टवाल्यांच्या 25 लाखांबद्दल मी कमी आशावादी आहे. त्यांच्या गाड्यांना ओरखडासुद्धा आलेला नाही. बंद रस्त्यामुळे बुडालेला धंदा ही अप्रत्यक्ष हानी आहे, आणि करारातल्या शब्दांत ती बसते की नाही यावर कुठल्याही न्यायाधिकरणाचा निवाडा नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये चीनच्याच दुसऱ्या एका अग्निबाणाचा टप्पा परतताना स्पेनने आपल्या हवाई हद्दीचा काही भाग थोडा वेळ बंद ठेवला आणि बरीच विमानं रखडली. तिथेही प्रश्न हाच: काहीच आदळलं नाही, मग नुकसान कुणाला म्हणायचं? दाव्यात 25 लाख ठेवावेत, पण वेगळ्या शीर्षकाखाली, म्हणजे ते पडले तरी बाकीच्याला धक्का लागत नाही.

आता माणसं. चिनी तंत्रज्ञाचे 4 लाख दाव्यातून पूर्ण जातात. प्रक्षेपक राष्ट्राच्या स्वतःच्या नागरिकांना दायित्व करार लागूच होत नाही. त्याने आपल्या देशाच्या कायद्याने दाद मागायची. नेपाळी वॉचमनचं तसं नाही. करारानुसार दाव्याचा पहिला हक्क नागरिकत्वाच्या राष्ट्राचा. नेपाळने केला नाही तर ज्या भूमीवर नुकसान झालं त्या राष्ट्राला, म्हणजे भारताला, तो करता येतो. नागरिकत्व वेगळं म्हणून तो उघड्यावर पडत नाही. हा बारकावा मुंबईसारख्या शहरात विशेष लक्षात ठेवायला हवा, कारण इथे कुठल्याही गोदामात, बांधकामावर किंवा जहाजावर दोन-तीन देशांची माणसं हमखास असतात.

गोदामवाल्याला मात्र बहुधा आधी पैसे विम्यातून मिळतील. आपल्याकडच्या प्रमाणित अग्नी विमा पॉलिसीत विमान-हानीचं जे कलम आहे, त्यात विमानांबरोबर ‘अवकाश उपकरणं’ आणि त्यांतून पडलेल्या वस्तूंचाही उल्लेख आहे. लोक हे कलम वाचत नाहीत. दाव्यात त्यामुळे एकच काळजी घ्यायची: विमा कंपनीने भरलेली रक्कम आणि मालकाच्या खिशातून गेलेली रक्कम वेगवेगळी दाखवायची, म्हणजे एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मागितले असं होणार नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त खुपतो. गोदामाच्या मालकाला किंवा वॉचमनला या करारानुसार स्वतः दावा करताच येत नाही. दावा राष्ट्राने राष्ट्राकडे करायचा, राजनैतिक मार्गाने. म्हणजे फाइल शिवडी पोलीस ठाणे, जिल्हाधिकारी, राज्य सरकार असं करत दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात जाणार, आणि ती पुढे पाठवायची की नाही हे मंत्रालय ठरवणार. मुदत आहे एक वर्षाची, घटनेच्या दिवसापासून किंवा जबाबदार राष्ट्राची ओळख पटल्यापासून. पुढे नुकसान वाढलेलं दिसलं तर आकडा सुधारता येतो, त्यामुळे वॉचमनच्या उपचारांचा शेवट होईपर्यंत थांबायची गरज नाही. स्थानिक न्यायालयांची पायरी आधी चढायची अटही नाही. उलट इथे खटला भरायचा म्हटलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 86 आडवं येतं: परकीय राष्ट्रावर दावा लावायला केंद्र सरकारची लेखी संमती लागते. शिवाय एकाच नुकसानीसाठी एका वेळी दोन्ही वाटा चालत नाहीत.

सरकारने दावा पाठवायलाच नकार दिला तर उच्च न्यायालयात रिट करता येईल, पण परराष्ट्र धोरणाच्या निर्णयात न्यायालयं सहसा हात घालत नाहीत, हे अशिलाला पहिल्याच भेटीत सांगावं. आणि चीनकडून आलेले पैसे वॉचमनपर्यंत कसे पोचवायचे, याचा कायदा आपल्याकडे नाही. भोपाळनंतर 1985 मध्ये संसदेने खास कायदा करून सगळे दावे केंद्राच्या हाती दिले होते आणि वाटपाची यंत्रणा उभारली होती. अवकाशासाठी तसं काही झालेलं नाही. अवकाश व्यवहारांच्या विधेयकाचा मसुदा 2017 मध्ये लोकांपुढे ठेवला गेला, 2023 मध्ये धोरण आलं, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे.

बोलणी वर्षभरात मिटली नाहीत तर कुठलाही पक्ष दावा आयोग मागू शकतो. तीन सदस्य: एक आपला, एक त्यांचा, अध्यक्ष दोघांनी मिळून निवडलेला. एखाद्याने नेमणुका अडवल्या तरी आयोग अडत नाही, अध्यक्ष शेवटी महासचिव नेमू शकतात. पण दोन्ही पक्षांनी तशी आधी कबुली दिलेली नसेल तर आयोगाचा निर्णय बंधनकारक ठरत नाही, शिफारस म्हणूनच राहतो. म्हणून आम्ही दावा मांडला तो बोलण्यांच्या टेबलासाठी: निर्विवाद 1 कोटी 78 लाख, बिलांसकट 41 लाख, आणि वेगळ्या पानावर 25 लाख. तडजोडीला किती खाली यायचं, हे गटाने मला विचारलं. मी 2 कोटी म्हटलं, आणि पहिल्या शीर्षकातला एकही रुपया सोडायचा नाही, कारण त्यात वॉचमनचे 30 लाख आहेत.

हीच कलमं आपल्यालाही उलट लागतात. जुलै 2023 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रीन हेडजवळच्या किनाऱ्यावर एक मोठा दंडगोल वाहून आला आणि तो आपल्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा असण्याची दाट शक्यता असल्याचं ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने जाहीर केलं. तो किनाऱ्याऐवजी कुणाच्या घरावर आला असता, तर प्रक्षेपक राष्ट्र म्हणून भारत उभा राहिला असता. आणि आता श्रीहरिकोट्याहून खासगी अग्निबाणही उडू लागले आहेत. त्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई परक्या देशाला द्यायची ती भारत सरकारनेच, म्हणजे करदात्याने. ती कंपनीकडून किती आणि कशी वसूल करायची हे तूर्त परवान्याच्या अटी आणि विम्याची रक्कम यांवर सोडलेलं आहे.